‘गेले’ म्हणजे कुठं गेले?

बेंगळुरूत येऊन तीन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. त्यांचे वडील रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायचे, ते चार दिवस दिसले नव्हते. मी नव्यानं शिकलेल्या कन्नडमध्ये चौकशी केली. शेजारी म्हणाले, “होगबिट्रु.” ‘होगु’ म्हणजे जाणं, एवढं मला येत होतं. मी विचारलं, “एल्लिगे?” कुठं? ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, “एक्सपायर्ड.”

त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही. मराठी माणसानं ही चूक करायलाच नको होती, कारण आपणही नेमकं हेच करतो. ‘बाबा सांगलीला गेले’ आणि ‘बाबा गेले’ या दोन वाक्यांत एकाच गोष्टीचा फरक आहे: दुसऱ्यात गावाचं नाव नाही. ती मोकळी जागाच मृत्यूची बातमी सांगते. कन्नडमध्ये ‘जाणं’ला ‘बिडु’ म्हणजे ‘सोडणं’ हे क्रियापद जोडून जाण्यावर शेवटची गाठ मारतात. दुसरा शब्द ‘तीरिकोंडरु’. ‘तीरु’ म्हणजे संपणं, कर्ज फिटतं तसं फिटून जाणं. दोन्ही भाषांनी ‘मेले’ हा शब्द घरातल्या माणसासाठी बाजूला ठेवला आहे. मराठीत तो उंदरासाठी आणि शिवीसाठी उरला आहे.

शब्द असा बाजूला ठेवला, की त्याच्या जागी आणलेला शब्दही साधा राहत नाही. ‘जाणं’ मृत्यूच्या कामाला लावलं, तेव्हा रोजच्या जाण्याची अडचण झाली. म्हणून दारातून पाय काढताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच तर आजी ओरडते. कन्नड माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, जाऊन येतो. तमिळमध्येही निरोप ‘जाऊन येतो’ असाच घेतात. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणायचं, कारण ‘फुटणं’ नवऱ्याच्या मरणाशी बांधलं गेलं. नारळसुद्धा देवापुढं फोडत नाहीत, वाढवतात. एका शब्दाला हात लावायचा नाही म्हटलं, की त्याच्या शेजारचे चार शब्द हलवावे लागतात.

मृत्यूचे सगळेच मऊ शब्द पळवाटा असतात, असं मात्र मला वाटत नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी तुमकुरूच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी वयाच्या १११व्या वर्षी वारले, तेव्हा कन्नड वर्तमानपत्रांनी ‘लिंगैक्य’ असा शब्द छापला. तो लपवाछपवीचा शब्द नाही. लिंगायत परंपरेत देहाला अग्नी देत नाहीत, दफन करतात, आणि माणूस लिंगाशी एक झाला असं मानतात. तो एक शब्द पुढचा विधीसुद्धा सांगतो. आपल्याकडे वारकऱ्याच्या नावामागं ‘वै.’ लागतं, दुसऱ्याच्या ‘कै.’ लागतं, बौद्ध घरातल्या पत्रिकेवर ‘कालकथित’ असतं, कारण त्या घराला कैलासही मान्य नाही आणि वैकुंठही. या शब्दांमागं घराची श्रद्धा आहे. ते बदलून सगळीकडे ‘मृत’ लिहा, असं म्हणणाऱ्याच्या बाजूनं मी नाही.

माझी तक्रार ‘एक्सपायर्ड’बद्दलही नाही. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘श्वास बाहेर टाकला’ असा आहे, म्हणजे आपलं ‘प्राण सोडला’च. मला त्यात औषधाच्या पट्टीवरची तारीख ऐकू येते, तो माझा प्रश्न. पण शेजाऱ्यांनी त्या क्षणी कन्नड सोडून इंग्रजी का घेतली, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. मला कळावं म्हणून घेतली हे खरंच. पण हेच शेजारी पुढं स्वतःच्या कन्नड नातेवाइकांशी फोनवर बोलतानाही ‘डेथ’ आणि ‘बॉडी’ हेच शब्द वापरत होते.

२००३ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या माणसांवर एक प्रयोग केला. बोटांना तारा लावून त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजला. भावना चाळवली की घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, हे त्यामागचं तत्त्व. निषिद्ध शब्द आणि लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीत ऐकली की अंग जास्त हलायचं, तोच अर्थ इंग्रजीत ऐकला की कमी. अर्थ दोन्हीकडे तितकाच कळत होता. मातृभाषेतला शब्द आपण आईच्या आवाजात, रागात, भीतीत, मांडीवर बसून शिकलेलो असतो, म्हणून तो अंगाला लागतो. शाळेत शिकलेला शब्द डोक्याला कळतो आणि तिथंच थांबतो.

बेंगळुरूत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी एकाच जिन्यात राहतात, आणि प्रत्येकाच्या हाताशी इंग्रजीचा हा हातमोजा आहे. मृत्यूला तो घालून हात लावायचा, संडासालाही.

संडासाची गोष्ट तर फार जुनी आहे. कन्नड आणि तमिळमध्ये जुन्या पिढीचा शब्द आहे ‘कक्कसु’, ‘कक्कूस’. तो डच ‘काकहाउस’वरून आला असं मानतात, आणि डचमध्ये त्याचा अर्थ सरळ ‘शीचं घर’ असा आहे. म्हणजे ज्यांच्या भाषेत तो उघडा आणि ओबडधोबड, त्यांच्याकडून तो इथं आला आणि परका म्हणून सभ्य ठरला. पुढं लोकांच्या तोंडात रुळला, त्याला वास चिकटला, आणि तो असभ्य झाला. मग ‘शौचालय’ आलं, मग ‘टॉयलेट’, मग ‘बाथरूम’, आता ऑफिसांत ‘वॉशरूम’ आणि ‘रेस्टरूम’. टॉयलेट म्हणजे फ्रेंचमध्ये मुळात लहानसं कापड, शृंगाराच्या मेजावर अंथरायचं. शौच म्हणजे शुचिता, स्वच्छता. लघवी म्हणजे नुसतं लघु, हलकं काम. परसाकडे म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडे. यातल्या एकाही शब्दात मूळची घाण नाही, सगळे धुतलेले होते. वापरून मळले.

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये याला चालत्या पट्ट्याची उपमा दिली, व्यायामशाळेत असतो तसा. कितीही चाललात तरी पुढं जात नाही. कारण मळ शब्दात नसतो, ज्या गोष्टीला तो लावला त्या गोष्टीबद्दलच्या आपल्या मनात असतो. मन तेच राहिलं, तर नवा शब्द एका पिढीत जुन्यासारखा होतो. ‘वॉशरूम’चंही तेच होणार आहे.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला उपाय शाळकरी मुलांचा आहे. कन्नड शाळेतलं मूल करंगळी वर करून ‘ओंदक्के’ म्हणतं, एकसाठी. दोन बोटं असली की ‘एरडक्के’. आमच्या मराठी शाळेत एकी आणि दुकी होती. आकडा मळत नाही. एक या संख्येला कुणी नाक मुरडत नाही. आणि दुसरी गोष्ट, गुरुजींना हवी तेवढीच माहिती त्यातून मिळते: मूल लवकर परत येईल की उशिरा.

पण एवढी माहिती डॉक्टरला पुरत नाही, आणि इथून पुढं माझी तक्रार सुरू होते.

माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, सांगलीची. गेल्या पावसाळ्यात मुलाकडे, बेंगळुरूला, राहायला आली. गुडघे दुखायचे म्हणून गावच्या दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या दोन महिने रोज घेत होती, कधी उपाशीपोटीही. इथं आल्यावर एक दिवस मुलाला म्हणाली, “बाहेरचं जरा वेगळंच होतंय रे.” मुलानं पुढं विचारलं नाही. आईला असं विचारायचं कसं? डॉक्टरांकडे गेल्यावर त्यानं इंग्रजीत सांगितलं, पोट बिघडलंय. डॉक्टर कन्नड, गर्दीची वेळ, त्यांनी ‘मोशन’ किती वेळा, एवढं विचारलं. मुलानं आत्याला विचारलं, “किती वेळा जातेस?” ती म्हणाली, “एकदा-दोनदा.” डॉक्टरांनी पित्ताची आणि पोटाची औषधं दिली.

‘बाहेरचं’, ‘पोट’, ‘मोशन’, ‘जातेस’. चार शब्द, दोन भाषा, आणि एकाही शब्दात रंग नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आत्या न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. इस्पितळात नेलं. तिथं तिचं अंथरूण बदलताना आयाबाईंनी बघितलं आणि डॉक्टरांना हाक मारून म्हणाल्या, “कप्पगिदे, टार् थरा.” काळं आहे, डांबरासारखं. त्या तीन शब्दांनी निदान झालं. त्याच दिवशी दुर्बीण घालून बघितलं तेव्हा जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. हिमोग्लोबिन सातवर आलेलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, गोळ्या बंद केल्या, आत्या सहाव्या दिवशी घरी आली.

जठरातलं किंवा त्याच्या लगतच्या आतड्यातलं रक्त खाली येईपर्यंत पचतं आणि काळं होतं. म्हणून शी लाल दिसत नाही, काळी दिसते. चकचकीत, चिकट, भांड्याला धरून राहणारी, आणि तिचा वास नेहमीचा नसतो. एकदा ज्यानं घेतला तो विसरत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तिला तो डांबराचा चिकटपणा आणि तो वास सहसा नसतो. वेदनाशामक गोळ्या बरेच दिवस घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसात हे लक्षण दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. बघावं लागतं आणि जे दिसलं ते सांगावं लागतं.

आत्यानं बघितलं होतं. दहा दिवस बघत होती. शब्द नव्हता असंही नाही, ‘काळी शी’ हे दोन शब्द तिला येत होतेच. पण मुलापुढं, सुनेपुढं, परक्या भाषेच्या डॉक्टरपुढं ते तोंडातून निघेनात. ‘बाहेरचं वेगळंच’ एवढ्यावर तिनं काम भागवलं, आणि आपण सांगितलं असं तिला खरोखर वाटलं. मऊ शब्दाचा धोका इथं आहे. बोलणाऱ्याला वाटतं सांगून झालं, ऐकणाऱ्याला वाटतं कळलं. बायकांच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. पाळी गेल्यावर कित्येक वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं, तर ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं. ते ‘अंगावरून जातंय’ या तीन-चार आजारांना पुरणाऱ्या शब्दात गुंडाळून ठेवलं जातं, आणि महिने निघून जातात.

डॉक्टरांनाही हे माहीत आहे. ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन यांनी १९९७ मध्ये शीच्या सात आकारांचा चित्रतक्ता प्रसिद्ध केला, खड्यांसारख्या कडक शीपासून पाण्यासारख्या पातळ शीपर्यंत. रोग्यानं बोलायचं नाही, चित्रावर बोट ठेवायचं. जिथं जीभ अडते तिथं बोट चालतं, हे आमच्या एकी-दुकीसारखंच. पण त्या तक्त्यात आकार आहेत, रंग नाहीत. रंग तोंडानंच सांगावा लागतो. तर माझं सांगणं आहे: मृत्यूला ‘गेले’ म्हणा, संडासाला वॉशरूम म्हणा, पण डॉक्टरच्या खोलीत शिरताना हा सगळा पोशाख बाहेर काढून ठेवा. तिथं ‘शी’ म्हणायचं. रंग, घट्टपणा, रक्त, वास, किती दिवस. आणि मुलांनो, आईचं बोलणं भाषांतर करताना सभ्य करू नका.

आयाबाईंचा विचार मात्र मनातून जाईना. ज्यांना त्या गोष्टीला हात लावावा लागतो, त्यांना मऊ शब्द परवडत नाहीत. मग त्यांच्याबद्दल बोलताना मऊ शब्द कोण वापरतं?

हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३चा आहे. त्यात ‘मैला साफ करणारा’ कोण याची व्याख्या वेगळी आहे आणि गटारात, मैल्याच्या टाकीत संरक्षणाशिवाय उतरवणं ही ‘धोकादायक सफाई’ म्हणून वेगळी सांगितली आहे. दोन्हीला बंदी आहे. पण नावं दोन झाल्यानं हिशेबाच्या वह्याही दोन झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं, की मागच्या पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं, की हाताने मैला साफ करण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. कायद्याच्या भाषेत दोन्ही उत्तरं बसतात. ३४० माणसं एका नावातून दुसऱ्या नावात सरकवली की पहिल्या रकान्यात शून्य उरतं. आत्याचा मऊ शब्द लाजेतून आला होता, त्याबद्दल तिला मी रागावू शकत नाही. ‘धोकादायक सफाई’ हा शब्द लाजेतून आलेला नाही.

वर्तमानपत्रातही बातमी येते, ‘गुदमरून मृत्यू’. गुदमरणं म्हणजे हवा कमी पडली, जणू अपघात. बंद मॅनहोलमध्ये, मैल्याच्या टाकीत अनेकदा हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला, की नाकाची जाणीव बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं हवा बरी झाली. तो पाच-सहापट झाला तर माणूस थोड्या वेळात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून या बातम्यांत मरणारे बहुतेकदा दोन किंवा तीन असतात. ही विषबाधा आहे. झाकण उघडून वारा लागू द्यायचा, वायुमापक दोरीनं खाली सोडायचा, आणि माणूस उतरवायचाच नाही, यंत्रानं उपसायचं, हे सगळं माहीत असताना झालेली विषबाधा. ‘गुदमरून’ या शब्दात माणसाला खाली कुणी पाठवलं हे दिसत नाही.

१ फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात मॅनहोलचं ‘मशीनहोल’ करण्याची घोषणा झाली. पिंकर यांचा पट्टा इथंही फिरतो. नाव बदललं आणि यंत्र आलं, तर शब्द खरा. नाव बदललं आणि माणूसच उतरला, तर झाकणावर नवा रंग. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाख ठरवली. तो आकडा मात्र मऊ नाही.

आमच्या इमारतीच्या भागात अजून सांडपाण्याची नळवाहिनी पोहोचलेली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी टाकी उपसायला पंपाची गाडी येते. अशा गाड्यांना या शहरात ‘हनीसकर’ म्हणतात, मध शोषणारी. आपल्याकडे त्याच मालाचं कुजवून झालेलं खत ‘सोनखत’. हा शब्द मला आवडतो, कारण तो खोटा नाही. शेतकऱ्याला त्याचा भाव माहीत असतो. विमानतळाजवळ देवनहळ्ळीला २०१५ पासून एक लहान प्रकल्प चालतो, दिवसाला सहा हजार लिटर मैला घेऊन वाळवण्याचा आणि त्याचं खत करण्याचा. पण आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर लागतं: ‘रविवारी मेंटेनन्स, पाणी जपून वापरा.’

मागच्या बैठकीत मी विचारलं, मेंटेनन्स म्हणजे काय, आणि पंपानं तळाचा घट्ट गाळ ओढला नाही तर आत कोण उतरतं? खोली शांत झाली. मग एकानं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी एक मुलगा उतरला होता, काही झालं नाही. काही झालं नाही. आता फलकावर आम्ही लिहितो: ‘मैल्याची टाकी उपसणार. आत माणूस उतरणार नाही. गाळ राहिला तर पाणी मारून पातळ करून पुन्हा पंपानं काढला जाईल.’ दोघांनी तक्रार केली, की पाहुणे येतात, फलकावर हे बरं दिसत नाही. सूचना तशीच ठेवली आहे.

गेल्या रविवारी गाडी आली तेव्हा मी खाली थांबले. चालक रायचूरकडचा. तो पाइप जोडत असताना मी विचारलं, या गाडीला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, “कक्कसु गाडी.” मग हात पुसून, थोडं थांबून म्हणाला, “मगळिगे वॉटर टँकर अंत हेळिद्दीनि.” मुलीला मात्र पाण्याचा टँकर चालवतो म्हणून सांगितलंय.

मी मान हलवली. त्यानं पंप सुरू केला.